धाकट्याच्या नावापुढचं शून्य

“हा उद्या पुण्याला गेला तरी तुमच्या शेतात एक दाणा कमी व्हायचा नाही.” पारनेर तालुक्यातल्या एका लग्नाच्या मांडवात, सगळ्यांदेखत, एका निवृत्त कृषी अधिकाऱ्याने सत्तावीस वर्षांच्या मुलाकडे बोट दाखवून हे म्हटलं. मुलाने मान खाली घातली. वडील कसनुसं हसले. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं, मुलाने बाहेर पडावं एवढंच त्याला सुचवायचं होतं. पण ते वाक्य मला टोचलं आणि टोचतच राहिलं.

छुपी बेरोजगारी म्हणजे काय, हे आता शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पाच जणांच्या कामाला आठ जण लागलेले, तिघं काढले तरी उत्पादन तेवढंच, म्हणून त्या तिघांची भर शून्य. व्याख्या सोपी आहे आणि ती मला खोटी पाडायची होती. कारण त्याच मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बागायतदार मंडळी मजूर मिळत नाहीत म्हणून कातावली होती. कांदा लागणीला टोळी येत नाही, ज्वारी काढायला माणूस नाही, दुप्पट रोज कबूल केला तरी सकाळी कुणी फिरकत नाही. एकाच शिवारात माणसं जास्तही आणि कमीही, हे कसं काय?

म्हणून त्या मुलाच्याच घरी बसून हिशेब मांडला. वडिलांनी पिकांचं सांगितलं, थोरल्या सुनेने दिवसांचं. पाच एकर जमीन, एक विहीर, तिला पाणी माघापर्यंत बरं, पुढे ओढाताण. खरिपात एकरभर बाजरी नि एकरभर मूग, त्याच रानात रब्बीला ज्वारी. दीड एकर उन्हाळी कांदा, अर्धा एकर घास, उरलेलं माळरान. दोन संकरित गाई. राबणारी माणसं पाच: आईवडील, थोरला, त्याची बायको आणि हा धाकटा. सणवार, आजारपण, लग्नकार्य सोडून माणशी वर्षाला तीनशे दिवस धरले, तर घरात दीड हजार दिवसांचं मनुष्यबळ आहे.

आता काम किती? पेरणी ट्रॅक्टरने होते, मळणी यंत्राने. बाजरी-मुगाची खुरपणी नि काढणी मिळून पंचेचाळीस दिवस. दोन एकर ज्वारीला चाळीस. कांद्याला सगळ्यात जास्त: रोप टाकण्यापासून काटणीपर्यंत सुमारे एकशे पंचेचाळीस दिवस. गाईंचं चारापाणी, शेण, धारा हे रोजचं अर्ध्या माणसाचं काम, म्हणजे वर्षाचे एकशे ऐंशी दिवस. बाकी पाणी देणं, बांधबंदिस्ती, बाजार, डेअरी यांना साठ. बेरीज चारशे सत्तर. दीड हजारांत चारशे सत्तर! दोन माणसं हे सगळं उरकून मोकळी होतील, असं कागद म्हणतो.

मी लगेच हंगामाकडे वळलो. वर्षाची सरासरी फसवी असते, कारण शेतीचं काम सरासरीने येत नाही. दीड एकर कांद्याची लागण तीस बाया-दिवसांची. रोप काढून ठेवलं की चार दिवसांत रानात गेलंच पाहिजे, म्हणजे रोज आठ जण हवेत. काढणी-काटणीचे पंचेचाळीस दिवस आठवड्यात बसवायचे, कारण वैशाखात वळवाचा पाऊस कधी गाठेल सांगता येत नाही. तेव्हा घरातली पाचही माणसं कमीच पडतात. मग जास्तीचा माणूस कुठे आहे? वर्षभर सांभाळलेली माणसं ही त्या दहा-अकरा दिवसांची बेगमी आहे, असं उत्तर मला सापडलं आणि ते मला आवडलंही.

थोरल्या सुनेने ते टिकू दिलं नाही. “लागण आम्ही उक्तीच देतो,” ती म्हणाली. एकराचा भाव ठरतो, शेजारच्या गावातून बायांची टोळी टेम्पोने येते, दीड दिवसात रान भरून जाते. काटणीही तशीच. घरातली माणसं रोपं पुरवतात, पाणी देतात, चहा करतात. धाकटा तर लागणीला वाकतच नाही, कारण ते बायांचं काम समजलं जातं. म्हणजे ज्या दहा-अकरा दिवसांसाठी तो राखून ठेवलाय असं मी म्हणत होतो, ते दिवस हे घर बाजारातून विकत घेतं. मजूर मिळत नाहीत ही तक्रार खरी आहे, पण ती टोळीची आहे. तिने धाकट्याची गरज सिद्ध होत नाही.

इथे थिओडोर शुल्झ यांच्याशी भांडावंसं वाटतं. अर्थशास्त्राचं नोबेल मिळवलेल्या या अमेरिकन अभ्यासकाने १९६४ मध्ये ठणकावून लिहिलं की शून्य भर घालणारा शेतकरी जगात कुठेच नाही, आणि पुराव्याला हिंदुस्थान घेतला. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत शेतीतले सुमारे आठ टक्के राबते हात गेले. साथीआधीचं १९१६-१७ आणि नंतरचं १९१९-२० ताडून पाहिलं, तर पेरलेलं क्षेत्र जवळपास चार टक्क्यांनी घटलं होतं. माणसं जास्तीची असती तर क्षेत्र का घटलं असतं, हा त्यांचा सवाल.

मला त्यात हिशेबापेक्षा माणूस न पाहिल्याची खूण जास्त दिसते. मुंबई इलाख्यात त्या साथीने भयंकर बळी घेतले, आणि या रोगाची तऱ्हाच अशी की ऐन विशी-तिशीतली माणसं, त्यातही बाया, जास्त दगावल्या. साथ काही घरोघर फिरून फक्त जास्तीचा माणूस उचलत नाही. एका घरातली तिन्ही कर्ती माणसं नेते आणि शेजारच्या पाच भावांच्या घराला शिवतही नाही. पहिल्या घराचं रान पडीक राहतं, दुसऱ्या घरातले रिकामे हात ते कसायला जात नाहीत, कारण बांध आड येतो, बैल आड येतात. शिवाय वाचलेलाही महिनोन् महिने खंगलेला. घरातला धाकटा स्वतःच्या पायांनी बाहेर पडतो, त्याची बरोबरी या मृत्यूशी करायची? अमर्त्य सेन यांनी १९६७ मध्ये या कसोटीची चिरफाड केली, तरी शुल्झ यांचं उदाहरण अजून आदराने सांगितलं जातं. एवढ्या मरणांचा असा वापर मला पटत नाही.

पण सेन यांच्याकडून घ्यायची खरी गोष्ट त्याआधीची, १९६६ ची आहे. माणूस आणि श्रम हे दोन वेगळे मोजा, असं त्यांचं म्हणणं. माणूस गेला म्हणजे त्याचे तास गेले, आणि ते तास काही शून्य नव्हते. तो गेल्यावरही उत्पादन तेवढंच राहिलं, तर त्याचा अर्थ एकच: ते तास दुसऱ्या कुणीतरी अंगावर घेतले. मग कुणी घेतले, हे विचारायला हवं.

धाकटा नक्की काय करतो? सकाळी आणि संध्याकाळी दुधाची किटली मोटारसायकलवरून डेअरीला नेतो. आणि रात्री दारं धरतो. शेतीच्या फीडरला थ्री-फेज वीज पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी असली की ऐन पौषाच्या थंडीत विहिरीवर जाऊन मोटर चालू करायची, बॅटरीच्या उजेडात एक वाफा भरला की खोऱ्याने त्याचं दार बुजवून पुढच्याचं फोडायचं, पहाटेपर्यंत. झोप लागली तर पाणी फुटून शेजाऱ्याच्या रानात जातं आणि आपला कांदा तहानलेला राहतो. सापाचं, बिबट्याचं भय वेगळंच.

गेल्या वर्षी तो परीक्षेसाठी काही आठवडे पुण्यात होता, तेव्हाचं मी विचारलं. कांदा सुकला का? नाही. दूध कमी झालं का? नाही. कृषी अधिकाऱ्याचं वाक्य दाण्यापुरतं तंतोतंत खरं ठरलं. फक्त रात्री थोरला विहिरीवर जायचा आणि दिवसा पेंगायचा, म्हणून सकाळचा घास कापायला त्याची बायको जायची. डेअरीला किटली डोक्यावर घेऊन सासू चालत जायची. त्या आठवड्यांत सुनेचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही, विचारलं म्हणून सांगितलं. कुठल्याही पीकपाहणीत हे उतरणार नाही.

सरकारी श्रमबल सर्वेक्षणातही नाही. घरच्या शेतीत बिनपगारी मदत करणारा तिथे ‘कामावर’ धरला जातो, म्हणून धाकटा आकडेवारीत बेरोजगार नाहीच. २०१८-१९ मध्ये देशातले साडेबेचाळीस टक्के कामकरी शेतीत होते, टाळेबंदीनंतर २०२०-२१ मध्ये ते साडेसेहेचाळीस झाले. शहरातून हाकलली गेलेली माणसं सातबाऱ्यावर नाव होतं त्या रानात परतली. १९८२ च्या गिरणी संपानंतरही असंच झालं होतं. रानाने त्यांना भाकरी दिली, काम मात्र असलेलंच सगळ्यांत वाटलं गेलं.

मग धाकटा आधीच का जात नाही? आळस हे उत्तर मला मान्य नाही. घरात त्याला त्याच्या कामाची नव्हे, घराच्या मिळकतीची पाती मिळते. पुण्यात गोदामात रात्रपाळी केली तर खोलीभाडं आणि खाणावळ जाऊन जे उरेल ते या पातीपेक्षा फारसं जास्त नाही. आणि गावात नसणाऱ्याचं वाटणीत काय होतं, हेही त्याने चुलत्यांच्या घरी पाहिलंय.

तरीही हिशेब मांडून झाल्यावर मी अधिकाऱ्याच्याच बाजूला येऊन उभा आहे: त्याने जावं. पण ‘काही अडत नाही’ म्हणून नव्हे. आधी त्याचे तास कोण उचलणार ते घराने ठरवावं, आणि ते सुनेने उचलायचे असतील तर डेअरीच्या पगारातला वाटा तिच्या हाती यावा. दुसरं असं की, शून्य हे माणसाचं मोजमाप नाही, ते पाच एकर आणि माघापर्यंतच्या पाण्याचं आहे. याच जिल्ह्यात हिवरे बाजारला गावाने डोंगरावर समतल चर खणले, ओढे अडवले, उसावर आणि सिंचनाच्या बोअरवर बंदी घातली. पाणी रब्बीला पुरलं तशी बाहेर गेलेली घरं परत आली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी, जिचा कायदा १९७७ चा, तीही याच रिकाम्या हातांसाठी होती.

या घरापुरतं सांगायचं तर सगळं रात्रीच्या विजेवर येऊन अडतं. दिवसा वीज देणाऱ्या सौर कृषी वाहिनी योजनेचा सुरुवातीचा एक प्रकल्प याच तालुक्यात, राळेगणसिद्धीला झाला. यांच्या फीडरला तसं झालं, तर दारं दिवसा धरता येतील, थोरला रात्री झोपेल आणि घास कापायला स्वतः जाईल. डेअरीची फेरी तेवढी उरेल, आणि सून म्हणते ती गाडी शिकायला तयार आहे.