चातुर्मासाची तजवीज

नोकरी सांभाळून लग्नाच्या मेंदीच्या ऑर्डरी घेणारीची कमाई पंचांगावर चालते. समजा, मे महिन्यात कोन, तेल, रिक्षा वजा जाता १६,००० रुपये उरले. हा आकडा फसवा असतो, कारण आषाढी एकादशीनंतर मुहूर्त थांबतात. मागच्या वर्षीची वही उघडली तर चातुर्मासाच्या चार महिन्यांत मिळून जेमतेम ८,००० आलेले दिसतात. घरखर्चाला या कामातून दरमहा ६,००० लागत असतील, तर गरज २४,००० ची आणि तूट १६,००० ची. म्हणजे मे महिन्यातही घरात ६,००० च द्यायचे, उरलेले १०,००० वेगळ्या बचत खात्यात टाकायचे आणि आषाढीपर्यंत तिथे १६,००० जमवायचे. हे ६,००० वर्षाच्या सरासरीपेक्षा कमीच धरावेत. सरासरी शेवटी कळते, किराणा आधी भरावा लागतो.

कोणी म्हणेल, पैसे नुसते पडून राहण्यापेक्षा कर्ज फेडावे. व्याजाचा हिशेब बरोबर आहे. पण सगळी रक्कम तिकडे गेली, तर भाद्रपदात पुन्हा उसनवारी आलीच. भिशीही इथे उपयोगाची नाही, आपला नंबर कधी लागेल याचा भरवसा नसतो. (लागलाच तर तो नेमका मे महिन्यात!) शिवाय अधिकमास चातुर्मासात आला, तर तो पाच महिन्यांचा होतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, तसा. महिन्याची तूट सरासरी ४,००० धरली, तर अशा वर्षी लक्ष्य २०,००० चे. नवे पंचांग हाती आले की हे आधी पाहायचे.