भविष्यकाळ जपून वापरा

दरवर्षी २७ फेब्रुवारी जवळ आली की मराठीविषयी दोन विधाने हमखास कानी पडतात. मातृभाषा म्हणजे अमृत, हे पहिले. दुसरे जरा समंजस वाटते, म्हणूनच ते जास्त फसवे आहे: भावनेला भाषा नसते. पहिल्याला एका वाक्यात उत्तर देता येते. आयुष्यातली पहिली शिवीही आपण त्याच भाषेत खाल्लेली असते. दुसरे मात्र व्यासपीठावरून उतरून थेट आयसीयूच्या दारापर्यंत जाते आणि तिथे आजारी माणसाला एकटे पाडते. त्याच्याशी नीट भांडायला हवे.

हे भांडण भिलाईतल्या कोहक्यासारख्या वस्तीत मांडलेले बरे. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या मुलखात मराठी माणूस येत राहिला, आणि १९५५च्या सोव्हिएत रशियाबरोबरच्या करारानंतर पोलाद कारखाना उभा राहू लागला तेव्हा गोंदिया-भंडाऱ्याकडून रेल्वेने आणखी आला. शेजारी तेलुगू, मल्याळी, बंगाली, उडिया, छत्तीसगढी. सगळ्यांची मिळून बाजारातली हिंदी. लग्नेही या सरमिसळीतच झाली. १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली ती रशियन तंत्रज्ञ आणि भारतीय कामगार यांच्यामध्ये दुभाषे उभे करून. तप्त लोखंडाजवळ उभ्या असलेल्या माणसाला ‘समजून घे’ एवढे सांगून भागत नाही, हे त्या शहराला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. रुग्णालयात मात्र तेच शहर म्हणते, हात हातात घ्या, तिला सगळे कळते.

एक प्रसंग मनाशी धरू. पत्नी गोंदियाकडच्या खेड्यातली, माहेरची भाषा मराठी. नवरा कोहक्याचा छत्तीसगढी. तीस वर्षांचा संसार हिंदीत झाला. नवऱ्याला मराठी येते ती सासुरवाडीत ऐकून ऐकून, लिंगाच्या चुकांसकट. सोमवारी पत्नीच्या पोटाची तातडीची शस्त्रक्रिया झाली, जंतुसंसर्ग निघाला, व्हेंटिलेटर लावावा लागला. बुधवारी गुंगीचे औषध कमी केले आहे आणि ती अधूनमधून डोळे उघडते. नातेवाइकांना सकाळी आणि संध्याकाळी थोडा थोडा वेळ आत सोडतात. बाकीच्या वेळात सिस्टरच्या हाती चिठ्ठी देता येते. त्या चिठ्ठीत काय लिहायचे?

‘भावनेला भाषा नसते’ म्हणणारा इथेच हरतो. स्पर्शाने दिलासा मिळतो हे मला मान्य आहे. पण स्पर्शाला वेळेची मर्यादा आहे. हात हातात असतो तो दिवसातला फार तर तासभर. उरलेल्या वेळात ती बाई एका खोलीत आहे, जिथे दिवस-रात्रीचा उजेड सारखाच, यंत्रे वाजताहेत, तोंडात नळी आहे आणि आवाज फुटत नाही. नळी ओढून काढली जाऊ नये म्हणून कदाचित हातही पट्टीने बांधलेले आहेत. अशा अवस्थेत, विशेषतः व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमध्ये, डिलिरियम म्हणजे भ्रमाची स्थिती वारंवार दिसते. आपण कुठे आहोत, कोणता दिवस आहे, ही माणसे कोण, याचा धागा सुटतो. आपल्याला पकडून ठेवले आहे असे काही रुग्णांना खरोखर वाटते. त्या क्षणी कुणी प्रेमाने हात धरला, तर तो धरणारा कोण आणि का, हे स्पर्श सांगू शकत नाही. पकडणाऱ्याचाही तो हात असू शकतो. आवाज का गेला, हात का बांधले, बाहेर कोण आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे फक्त शब्दांनी देता येतात. भावनेला भाषा नसेलही. भीतीला मात्र कारण हवे असते, आणि कारण वाक्यातच सांगावे लागते.

हे विधान कोण करतो तेही पाहावे. बहुधा ज्याच्या भोवती चोवीस तास त्याचीच भाषा बोलली जाते, असा माणूस. त्याला भाषा दिसत नाही, कारण ती त्याला कधी कमी पडलेली नसते.

‘पण तिला हिंदी येते ना?’ हा आक्षेप त्या मानाने प्रामाणिक आहे. येते, आणि धडधाकट असताना उत्तम येते. पण ताप, थकवा आणि गुंगी यांत नंतर शिकलेली भाषा समजून घेण्याचे श्रम वाढतात, आणि इथे हिशेब त्या श्रमांचाच आहे.

आता मातृभाषेच्या भक्तांनाही न आवडणारी गोष्ट. २००३ साली बोस्टनमध्ये हॅरिस, आयचिचेयी आणि ग्लीसन या संशोधकांनी तुर्की मातृभाषा असलेल्या, नंतर इंग्रजी शिकलेल्या लोकांना दोन्ही भाषांतले शब्द आणि वाक्ये ऐकवून त्यांच्या त्वचेची विद्युतवाहकता मोजली. भावना उसळली की घाम येतो आणि ती वाढते. दोन भाषांतला फरक ठळक दिसला तो लहानपणीच्या रागावण्यात: आईच्या भाषेतली ‘लाज नाही वाटत?’ या जातीची वाक्ये जास्त झोंबली. म्हणजे मातृभाषा मूळची गोड आहे असे काही नाही. ती खोल जाते एवढेच, आणि जे पाठवाल ते खोल नेते, धीर तसाच धाकही. म्हणून त्या भाषेत लिहिताना शब्दांची निवड सैल ठेवून चालत नाही. उलट जास्त आवळावी लागते.

आपल्या प्रसंगातल्या नवऱ्याने पहिला कागद असा लिहिला आहे असे समजा: ‘माझी राणी, तू काळजी करू नकोस. तू खूप धीराची आहेस. तुझ्या प्रकृतीत झपाट्याने सुधारणा होत आहे. तू लवकरच ठणठणीत बरी होशील. आम्ही सर्व तुझी वाट पाहत आहोत. कशी आहेस?’ भाच्याकडून शुद्ध करून घेतलेले, एकही चूक नसलेले मराठी, आणि जवळपास प्रत्येक वाक्य अपायकारक. ज्याने तीस वर्षांत कधी राणी म्हटले नाही, तो आज म्हणतो, म्हणजे आपले काही खरे नाही, असे ती बाई ताडेल. ‘काळजी करू नकोस’ आणि ‘धीराची आहेस’ ही तिच्यावर सोपवलेली कामे आहेत. ‘प्रकृतीत सुधारणा’ ही वर्तमानपत्राची भाषा. ‘वाट पाहत आहोत’ यात घाई आहे. शेवटी प्रश्न, आणि तिच्या तोंडात नळी.

दुसरा कागद त्याने स्वतःच्या मोडक्या मराठीत लिहावा, बायकोच्या माहेरी बोलतात तशा. ‘मी कोहक्याहून आलो, बाहेर बाकावर बसून आहो. तू दवाखान्यात आहे, भिलाईतच. आज बुधवार, सकाळ झाली. सोमवारी तुझ्या पोटाचं ऑपरेशन झालं. तोंडात नळी आहे म्हणून आवाज निघून नाही राहिला. आवाज गेला नाही. हात बांधले ते नळी निघू नये म्हणून. पोरगी काल रात्री गोंदियाहून आली, घरी झोपली आहे. तुळशीला पाणी घातलं. संध्याकाळच्या वेळेला मी आत येईन. काही बोलायची गरज नाही. झोप आली तर झोप.’

यात प्रेमाचा एकही शब्द नाही आणि सगळे प्रेम आहे, असे म्हणायचा मोह होतो. पण ते बाजूला ठेवून यातली कारागिरी पाहू. सुरुवातीला बोलणारा कोण आणि कुठे आहे. मग जागा आणि वेळ. मग जे घडून गेले. मग ज्या दोन गोष्टींची भीती वाटत असणार, त्यांचे कारण. मग घर. मग पुढची एकच गोष्ट. शेवटी मोकळीक. वाक्ये लहान, एकेकात एक गोष्ट. कागदावर अक्षर मोठे, आणि मराठी देवनागरीतच लिहायची, इंग्रजी अक्षरांत नाही. कारण छत्तीसगढी सिस्टरला मराठी येत नसली तरी देवनागरी येते. तिचा ‘ळ’ चुकेल, चमच्यातला ‘च’ चुकेल, पण वाक्य पोचेल. आवाज रेकॉर्ड करून दिला तर आणखी बरे. संशोधक सिंडी मन्रो आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या प्रयोगात आयसीयूतल्या रुग्णांना असेच संदेश दिवसा ठरावीक वेळाने ऐकवले: तुम्ही कुठे आहात, या नळ्या कशासाठी आहेत. ज्यांना घरच्या माणसाचा आवाज ऐकू आला, त्यांचे भ्रमाविना गेलेले दिवस अनोळखी आवाज ऐकणाऱ्यांपेक्षा जास्त होते. रुग्ण अवघे तीस होते, तेव्हा यावर इमला बांधू नये. पण ऐकवलेला मजकूर पाहा: त्याचे काम दिशा दाखवण्याचे होते.

चिठ्ठी लागू पडते की नाही, हे बाहेर बसून कळत नाही. ते सिस्टरला विचारावे. वाचून दाखवल्यावर नाडी चढली, हात ओढू लागली, तर मजकूर निम्मा करावा. नुसती शांत पडून राहिली तर तेवढ्यावर समाधान मानू नये. भ्रमाचा एक प्रकार असा गप्प असतो आणि तोच नजरेतून सुटतो. ‘समजलं तर हात दाब’ एवढी एक खूण पुरते. त्याआधी तिचा चष्मा आणि कानाचे यंत्र कपाटातून बाहेर काढले आहे का, हे पाहावे. आणि गुंगी दाट असेल तर चिठ्ठी काही करत नाही, हेही मान्य करावे. चिठ्ठी म्हणजे औषध नव्हे.

दोन कागदांतला भेद मला शेवटी भाषेपेक्षाही काळाचा वाटतो. पहिला कागद वचन देतो, दुसरा बातमी देतो. दुसऱ्या कागदात भविष्यकाळाचे क्रियापद एकच आहे, ‘येईन’, आणि त्याचा कर्ता लिहिणारा स्वतः आहे. पहिल्यात ‘बरी होशील’ आहे, आणि त्याचा कर्ता आजारी माणूस. त्या वाक्याची जबाबदारी कोण घेणार? डॉक्टरही घेत नाहीत. ते खोटे ठरले तर अपयश तिच्या पदरात पडते. ‘संध्याकाळच्या वेळेला येईन’ खोटे ठरले तर दोष माझा, आणि तो टाळणे माझ्या हातात आहे.

म्हणून मी नियम असा करीन: जोडीदाराला रुग्णालयात लिहिताना भविष्यकाळ फक्त त्या क्रियापदांना लावावा, जी आपण स्वतः पुरी करणार आहोत. बाकी सगळे वर्तमानात आणि भूतकाळात लिहावे. हा नियम मोडण्याची सर्वांत जास्त इच्छा होते ती बातमी वाईट असताना, आणि त्याची खरी गरजही तेव्हाच असते. आजार हाताबाहेर गेला की ‘बरी होशील’ हे वाक्य खोटे होते आणि लिहिणाऱ्याचा हात थांबतो. अनेक माणसे शेवटच्या दिवसांत गप्प होतात ती यामुळेच, त्यांच्याजवळ वचनाखेरीज काही नसते. बातमी देणाऱ्यावर ती पाळी येत नाही. आज कोणता वार, घरी कोण आले, मी कुठे बसलो आहे, पुन्हा आत केव्हा येईन, हे त्याच्याजवळ शेवटच्या दिवशीही खरे आणि सांगण्याजोगे असते.