शंकासमाधान : ‘वहिनी’ म्हटल्यावर ती हसली, मग चिडली का?

शंका : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला माझ्या जोडीला एक मुलगी आहे. मित्र आम्हांला चिडवतात. कँटीनमध्ये एकजण ओरडला, ‘‘अरे, वहिनींना पण चहा सांगा!’’ तेव्हा ती लाजली, हसली आणि त्याच्या पाठीत वही घातली. चार दिवसांनी एसटी स्टँडवर तोच तसंच बोलला, तर ती एक शब्द न बोलता फलाटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. मी हाक मारली, तरी वळली नाही. रात्री मात्र तिचाच मेसेज : ‘उद्या जर्नल आण.’ तिच्या मनात आहे की नाही? आजी म्हणते, देवाला कौल लावून बघ. लावावा का?
– एक विद्यार्थी, सिंधुदुर्ग

समाधान : तुम्ही तिच्या चेहऱ्याकडे बारकाईने पाहिलंत, पण तिच्या आजूबाजूला कोण होतं ते पत्रात कुठेच नाही. कँटीनमध्ये सगळे वर्गातलेच. स्टँडवर मात्र तिच्या गावाकडे जाणारी माणसं असणार. तिथे मोठ्याने उच्चारलेलं ‘वहिनी’ संध्याकाळपर्यंत तिच्या घरी पोचू शकतं आणि त्याचा जाब तुम्हांला नाही, तिला द्यावा लागतो. दोन्हीकडे थट्टा एकच, पण किंमत वेगळी. रात्रीचा मेसेज पाहता राग तुमच्यावर नसावा, बहुधा त्या जागी ते बोलण्यावर असावा.

म्हणून कँटीनमधलं हसू होकार ठरतं का? नाही. चारचौघांत चिडवल्यावर मुलीपुढे फार वाटा नसतात. चिडली तर ‘बघा, झोंबलं!’ गप्प राहिली तर ‘कबूल आहे!’ हसून वही मारली की विषय तिथेच मिटतो. लाजही सगळ्यांच्या नजरा वळल्या की येते, मनात काही असो वा नसो. तिचं हसणं त्या घोळक्याला दिलेलं उत्तर होतं, तुम्हांला नव्हे. तुम्ही तर तिला अजून काही विचारलेलंच नाही.

आता एक प्रश्न तुम्हांला. तो ‘वहिनी’ म्हणाला तेव्हा तुम्ही काय केलंत? पत्रात त्याबद्दल अवाक्षर नाही. गालातल्या गालात हसला असाल, तर चिडवणाऱ्यांत तिने तुम्हांलाही धरलं असेल. तेव्हा आधी हे थांबवा. ती नसताना त्या मित्राला बाजूला घेऊन सांगा, ‘‘तिच्यावरून चिडवणं बंद कर. स्टँडवर तर अजिबात नको.’’ ‘ती मला बहिणीसारखी आहे’ असली ढाल मात्र पुढे करू नका, ते खोटं आहे. दोन-चार दिवस पोरं जास्तच पेटतील. तुम्ही हसला नाहीत की आपोआप विझतील.

मग दोनेक आठवडे पाहा, चिडवणं गेल्यावर मागे काय उरतं. जर्नल, रीडिंग, परीक्षा याखेरीज ती आपणहून काही बोलते का? टायट्रेशन संपल्यावर ब्युरेट धुताना रेंगाळते, की लगेच मैत्रिणीला गाठते? यातून अंदाज येईल, खात्री नव्हे. काही मुली सगळ्यांशीच मोकळेपणाने वागतात. म्हणून ती इतरांशी कशी वागते, तेही पाहा.

कौलाविषयी. आजीच्या श्रद्धेला मी हात लावत नाही. पण कौल लावण्याआधी गाऱ्हाणं घालतात, म्हणजे प्रश्न स्पष्ट शब्दांत मांडावा लागतो. बहुतेक ठिकाणी पाकळी उजवीकडून पडली तर होकार आणि डावीकडून पडली तर नकार मानतात. समजा, उजवीकडून पडली. तरी तिचं मन तिचंच राहतं आणि देवाचा होकार तिच्यावर लादायला तुम्ही मोकळे होत नाही. ज्या माणसाला उत्तर ठाऊक आहे ते तुमच्याशेजारच्या बाकावर बसतं. गाऱ्हाणं तिथेच घाला.

विचारायचं एकदाच आणि स्वतः. मैत्रिणीकरवी नाही, सगळ्यांसमोर नाही, प्रॅक्टिकल परीक्षेच्या तोंडावर नाही. तिला हवं तेव्हा उठून जाता येईल अशी जागा निवडा. एवढंच म्हणा, ‘‘पोरं चिडवतात ते सोड. मला तू आवडतेस. तुझं तसं नसेल तर सरळ नाही म्हण. प्रॅक्टिकल आपण नेहमीसारखंच करू.’’

‘हो’ आलं तर प्रश्नच मिटला. ‘घरी चालणार नाही’, ‘आत्ता काही सांगता येत नाही’, ‘आपण मित्रच बरे’ ही तिन्ही उत्तरं नकार म्हणूनच घ्या. पुढे तिचा विचार बदलला तर विषय ती काढेल, तुम्ही नाही. आणि नकारानंतर शब्द पाळायचा तो दुसऱ्या दिवशीच्या प्रॅक्टिकलला : जर्नल घेऊन वेळेवर जायचं, तोंड पाडून बसायचं नाही आणि काय झालं ते कँटीनमध्ये कुणाला सांगायचं नाही.