गल्लीचा हिशोब कोण ठेवतो?

मुंबईच्या उपनगरांतल्या एखाद्या जुन्या सोसायटीत पुनर्विकासाची सभा भरली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘आपल्याला एफएसआय किती मिळणार?’ सभासदांना किती जागा वाढवून मिळेल, कॉर्पस किती, भाडं किती, बिल्डरला विकायला किती घरं उरतील, हे सगळं त्या एका आकड्यावर ठरतं. समोरच्या गल्लीच्या रुंदीचीही चौकशी होते, पण तीसुद्धा एफएसआय त्या रुंदीवर अवलंबून असतो म्हणून. गल्लीतले सगळेच प्लॉट असे बांधले गेले तर गल्लीचं काय होईल, हा प्रश्न सभेत निघत नाही. तो महापालिकेच्या मंजुरीच्या फाइलीतही नसतो, आणि माझ्या मते आपल्या शहररचनेतला मूळ दोष तिथेच आहे.

एफएसआय, म्हणजे सरकारी भाषेत चटई क्षेत्र निर्देशांक, हे साधं गुणोत्तर आहे. सगळ्या मजल्यांचं मिळून बांधकाम भागिले प्लॉटचं क्षेत्रफळ. निर्देशांक 1 असेल तर 1000 चौरस मीटरच्या प्लॉटवर 1000 चौरस मीटर बांधता येतं, मग ते दोन मजल्यांत बांधा की दहा. इमारत किती उंच, शेजारच्या इमारतीपासून किती दूर आणि तिच्यात माणसं किती, यातलं काहीच हा आकडा सांगत नाही.

मुंबईत हा निर्देशांक 1964 साली आला. शहरात गर्दी वाढू द्यायची नाही, हा त्यामागचा हेतू होता. 1991 च्या नियमावलीत बेटावरच्या शहरासाठी 1.33 आणि उपनगरांसाठी 1 असे मूळ आकडे होते. गर्दी मात्र थांबली नाही. माणसं येत राहिली आणि आहे त्या खोल्यांत दाटीवाटीने राहू लागली, झोपडपट्ट्यांत गेली. म्हणजे निर्देशांकाने बांधकाम आवरलं, माणसं आवरली नाहीत. मग मूळ आकडा तसाच ठेवून त्याच्यावर एकेक थर चढवायला सुरुवात झाली. 1991 पासून टीडीआर आला, म्हणजे एका जागी रस्त्यासाठी, मैदानासाठी जमीन सोडली की तिचा बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायची मुभा. मग पैसे भरून घेतलेला प्रीमियम एफएसआय आला. 2012 मध्ये त्यावर 35 टक्क्यांचा फंजिबल आला.

हा फंजिबल का आला, ते पाहण्यासारखं आहे. त्याआधी फ्लॉवर बेड, ड्राय बाल्कनी, पोकळ जागा निर्देशांकात मोजल्या जात नव्हत्या. साहजिकच नकाशांत खोल्यांना लागून ऐसपैस फ्लॉवर बेड दिसू लागले, आणि ताबा मिळाल्यावर मधली भिंत काढून ते खोलीत सामील झाले. 2012 नंतर हे भाग मोजणीत आले आणि त्या बदल्यात फंजिबल मिळाला. पार्किंग मोजलं जात नाही, म्हणून आज टॉवरच्या पायथ्याशी गाड्यांचे चार-पाच मजले उभे राहतात आणि गल्लीला खिडक्यादारांऐवजी पोडियमची बंद भिंत मिळते. जे मोजलं जात नाही ते वाढतं आणि त्यातूनच इमारतीचा आकार ठरतो.

आता एक प्लॉट घेऊ. आकडे मी सोयीसाठी सरळ धरले आहेत, पण उपनगरांतल्या जुन्या सोसायट्या साधारण अशाच आहेत. रस्त्याकडे 25 मीटर, आत 40 मीटर, म्हणजे 1000 चौरस मीटर. जुनी इमारत तळमजला अधिक तीन, प्रत्येक मजल्यावर 50 चौरस मीटरची पाच घरं. एकूण 20 कुटुंबं. इमारतीने जमीन व्यापली आहे 250 चौरस मीटर. उरलेल्या पाऊण प्लॉटवर आंबा, नारळ, पाण्याची टाकी, पोरांचं क्रिकेट आणि चार-पाच गाड्या.

2018 पासून लागू झालेल्या नियमावलीत उपनगरात 9 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ 1 एवढाच निर्देशांक आहे. रस्ता 9 मीटरचा झाला की प्रीमियम आणि टीडीआर मिळून तो 2 होतो, मोठ्या हमरस्त्यांवर अडीचपर्यंत जातो. आपली गल्ली 9 मीटरची धरू. 2 वर 35 टक्के फंजिबल म्हणजे 2700 चौरस मीटर. जुन्या 20 सभासदांना 35 टक्के वाढवून साडेसदुसष्ट चौरस मीटरची घरं दिली की 1350 चौरस मीटर संपले. उरलेल्या 1350 मध्ये तेवढीच आणखी 20 घरं विक्रीला. जिने, लिफ्ट, पार्किंग वेगळं, इतर सवलती वेगळ्या. विसाची चाळीस कुटुंबं झाली. सभासदांना मोठं घर मिळालं, लिफ्ट मिळाली, गळकं छप्पर गेलं. यात कुणाचंही चुकलेलं नाही.

आता प्लॉटच्या फाटकाबाहेर येऊ. गल्ली 250 मीटर लांब, दोन्ही बाजूंना दहा-दहा प्लॉट. गल्लीचं क्षेत्रफळ 2250 चौरस मीटर. घरटी चार माणसं धरली तर पूर्वी इथे 1600 माणसं राहत होती, प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे 1.4 चौरस मीटर रस्ता होता. सगळ्या सोसायट्यांचा पुनर्विकास झाला की माणसं 3200 आणि रस्ता माणशी 0.7 चौरस मीटर. 800 घरांपैकी निम्म्यांकडेच गाडी आहे असं मानलं, तरी 400 गाड्या झाल्या. त्या एकामागे एक लावल्या तर रांग 2 किलोमीटरची होते, आणि गल्ली पाव किलोमीटरची आहे. पोडियममध्ये जागा कितीही असली तरी सकाळी त्या सगळ्यांना याच गल्लीतून बाहेर पडायचं असतं. रुग्णवाहिका, कचऱ्याची गाडी, शाळेची बस आणि अग्निशमनचा बंब यांनाही हीच वाट. मलवाहिनी आणि पाण्याची लाइन याच गल्लीखालून गेलेली असते.

वीस फाइली, वीस मंजुऱ्या, प्रत्येक नियमात बसणारी. बेरीज मात्र कुणाच्याच टेबलावर नाही.

रुंदीकरणाची तरतूद आहे. मुंबई महापालिका कायद्याच्या कलम 297 खाली रस्तारेषा आखतात. सहा मीटरच्या गल्लीला नऊची रेषा पडली की दोन्ही बाजूंच्या प्लॉटना प्रत्येकी दीड मीटर सोडावा लागतो. पण तो मिळतो ज्याची इमारत जेव्हा पडेल तेव्हा. एका सोसायटीची भिंत मागे सरकते, शेजारची जुन्याच जागी असते, पलीकडच्यांचा खटला चालू असतो. रुंद झालेल्या तुकड्यात चार गाड्या आणि एक टपरी उभी राहते, आणि वाहतूक मात्र सर्वांत अरुंद तुकड्याच्या मापाने चालते. टॉवर तीन वर्षांत उभा राहतो, रस्ता शेवटच्या भिंतीची वाट पाहत पंधरा-वीस वर्षं काढतो.

रस्त्याचं झालं तेच उजेडाचं. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम धरला होता. खिडकीच्या तळापासून त्या कोनात रेषा काढली तर समोरची भिंत तिच्या आड येता कामा नये. सोप्या भाषेत, समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मं तरी अंतर हवं. दादर-माटुंग्याच्या वसाहतींत आजही हवा खेळते ती या विचारामुळे. रोग अंधारात आणि कोंदट हवेत वाढतो, हा धडा शहराने प्लेगमध्ये किंमत मोजून घेतला होता.

मानखुर्द-गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये पुनर्वसनाच्या सात मजली इमारती एकमेकींपासून जेमतेम 3 मीटरवर उभ्या आहेत. ट्रस्टच्या हिशोबाने हे अंतर 10 मीटरच्या वर हवं होतं. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने या भागातल्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास केला, तेव्हा उजेड-वारा न पोहोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयरोगाचं प्रमाण जास्त आढळलं. या वसाहतींत कमी जमिनीवर जास्तीत जास्त घरं बसवणं हीच नियमांतली अट होती. अंतराची अट सैल झाली ती गरिबांसाठी, आणि तिची किंमत त्यांच्या फुप्फुसांनी दिली.

इतरत्र अंतर पैशाने कमी होतं. लहान प्लॉटवर सगळा एफएसआय बसवायचा तर बाजूची मोकळी जागा पुरत नाही. मग आयुक्तांच्या अधिकारात ती कमतरता प्रीमियम घेऊन माफ होते. पैसे महापालिकेच्या तिजोरीत जातात आणि हरवलेला उजेड शेजारच्या इमारतीच्या खिडकीतून जातो. त्या शेजाऱ्याला कुणी विचारत नाही. 2021 मध्ये तर राज्य सरकारने बांधकाम व्यवसायाला उभारी देण्यासाठी वर्षभर प्रीमियममध्ये 50 टक्के सूट दिली. शहराच्या आकाराचा नियम असा महसुलाचं आणि मंदीवरच्या उपायाचं साधन झाला की त्याच्याकडून उजेडाची अपेक्षा ठेवता येत नाही. एक बांध न्यायालयाने घातला. दादरच्या कोहिनूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2013 मध्ये सांगितलं की करमणुकीची किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवरची बाग तिची जागा घेऊ शकत नाही. झाडाची मुळं आणि पावसाचं पाणी दोन्हींना खरी माती लागते, आणि ती स्लॅबवर नसते.

यावर काही अभ्यासकांचं उत्तर असतं की मुंबईचा एफएसआयच फार कमी आहे, तो मोकळा करा. अ‍ॅलेन बर्टॉड यांनी हे मत वर्षानुवर्षं मांडलं. टंचाईमुळे घरं महाग होतात आणि माणसं दाटीत राहतात, हे त्यांचं निरीक्षण खरं आहे. पण नवी मुंबईच्या कल्पनेचे एक जनक, अभियंते शिरीष पटेल यांनी यातली उणी बाजू दाखवली. मॅनहॅटनचा निर्देशांक मोठा आहे, पण तिथे माणशी चटईक्षेत्रही मुंबईच्या कितीतरी पट आहे, आणि जमिनीचा मोठा हिस्सा रस्त्यांना दिलेला आहे. तेवढाच निर्देशांक आपल्या छोट्या घरांना लावला की त्याच जमिनीवर कैकपट माणसं येतात, रस्ते मात्र तेवढेच राहतात. म्हणून मोजायची ती रस्त्यावरची आणि मोकळ्या जागेवरची गर्दी, असं ते सांगत. मला पटेलांचं म्हणणं पटतं. उंच इमारतीला माझा विरोध नाही. तिच्या पायथ्याशी रस्ता, शाळा आणि मैदान तिच्याच प्रमाणात असावं, एवढं मागणं आहे.

हे करता येतं. भेंडीबाजारात साडेसोळा एकरांवरच्या सुमारे 250 जुन्या इमारती आणि 3200 कुटुंबांचा एकत्र विचार करून समूह पुनर्विकास चालू आहे. तिथे निर्देशांक उपनगरांपेक्षा मोठा, टॉवर उंच. पण सगळा परिसर एकाच नकाशावर आल्यामुळे रस्ते आधी रुंद आखता आले, इमारती नंतर बसवल्या. जुन्या गल्ल्यांचं जगणं त्यात बदलतं, ही किंमत छोटी नाही, आणि एवढ्या लोकांची संमती मिळवायला वर्षं जातात. तरी हिशोबाचं एकक प्लॉटऐवजी परिसर असलं की काय शक्य होतं, ते इथे दिसतं.

महापालिकेने प्रत्येक गल्लीचा, सगळे प्लॉट पूर्ण बांधले गेल्यावरचा हिशोब आधी करावा आणि त्या बेरजेवरून प्रत्येक प्लॉटचा वाटा ठरवावा. रस्ता रुंद होऊन हातात आल्याशिवाय वाढीव निर्देशांक वापरू देऊ नये. उजेडाचं अंतर कुठल्याही प्रीमियमवर विकू नये, पुनर्वसनाच्या इमारतीत तर मुळीच नाही.

हे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत सभेला बसणारे आपणच आहोत. पुढच्या वेळी बिल्डर सादरीकरण करेल तेव्हा कार्पेट आणि कॉर्पसच्या आधी तीन गोष्टी लेखी मागा : शेजारच्या भिंतीपासूनचं अंतर, जमिनीवर उरणारी माती, आणि गल्लीतल्या सगळ्या सोसायट्या अशाच बांधल्या तर रस्त्यावर येणारी माणसं. शेजारच्या सोसायटीलाही त्या सभेला बोलवा, कारण गल्ली दोघांची आहे.