दोन मूलद्रव्ये, तीन बंध

‘आयनिक, सहसंयुज आणि धातू बंध यांची तुलना करा, गुणधर्म सकारण लिहा.’ या प्रश्नाचे ठरलेले उत्तर म्हणजे तीन रकान्यांचा तक्ता. आयनिक संयुगांचे द्रवणांक जास्त, सहसंयुज संयुगांचे कमी, धातू वीज वाहतात. वर एक वाक्य असते: प्रत्येक अणूला आपले अष्टक पूर्ण करायचे असते. तक्ता बहुतांशी बरोबर असतो. घोटाळा त्या वरच्या वाक्यात आहे, कारण तक्त्यातली जवळजवळ कोणतीही ओळ त्यातून निघत नाही.

हा प्रश्न निव्वळ दोन मूलद्रव्ये हाताशी घेऊन सोडवता येतो. सोडियमचे अणू सोडियमशी जोडले की धातू बंध, क्लोरीनचे क्लोरीनशी जोडले की सहसंयुज, आणि सोडियम क्लोरीनशी जोडला की आयनिक. सोडियम हा सुरीने कापता येईल इतका मऊ, चकचकीत धातू. 98 अंश सेल्सिअसला वितळतो आणि घन असतानाच वीज वाहतो. क्लोरीन हा हिरवट-पिवळा विषारी वायू. साध्या दाबाला उणे 34 अंशांच्या खाली नेला तरच द्रव होतो. मीठ 801 अंशांपर्यंत घनच राहते, हातोडीने फुटते, कोरडे असताना वीज वाहत नाही, वितळले की वाहते. अणू दोनच प्रकारचे, पदार्थ तीन, आणि तिघांच्या वागण्यात काही म्हणता काही सारखे नाही.

योगायोगाने या दोन्ही मूलद्रव्यांची कहाणी एकाच माणसापासून सुरू होते. हम्फ्री डेव्हीने 1807 मध्ये वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून वीज सोडून सोडियम वेगळे केले आणि 1810 मध्ये क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचे जाहीर केले. विजेने पदार्थ तुटत असतील, तर ते जोडलेही विजेनेच गेले असणार, असा विचार तेव्हा मनात येणे साहजिक होते. स्वीडनच्या बर्झेलियसने त्याचे पूर्ण शास्त्र उभारले: प्रत्येक संयुगाला एक धन बाजू आणि एक ऋण बाजू असते आणि त्यांच्या आकर्षणाने ते टिकते. मिठाला हे छान लागू पडले. क्लोरीनच्या रेणूला मात्र मुळीच नाही, कारण दोन एकसारख्या अणूंपैकी धन कोण आणि ऋण कोण? म्हणून दोन सारखे अणू एकमेकांना धरतात हेच पुष्कळांनी दीर्घकाळ मानले नाही. पुढे 1830 च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सच्या ड्यूमाने अ‍ॅसेटिक आम्लातल्या तीन ‘धन’ हायड्रोजनांच्या जागी तीन ‘ऋण’ क्लोरीन बसवून दाखवले, आणि नवा पदार्थही आम्लच राहिला. बर्झेलियसच्या कल्पनेला लागलेला हा मोठा तडा होता. सारे बंध एकाच जातीचे असावेत हा हट्ट तेव्हापासून डळमळू लागला.

त्यानंतर बराच काळ रसायनशास्त्रज्ञ अणूंमध्ये रेघा काढत राहिले. रेघ म्हणजे नेमके काय हे कोणालाच सांगता येत नव्हते. 1897 मध्ये इलेक्ट्रॉन सापडला आणि ती रेघ भरून काढायला काहीतरी मिळाले. 1916 मध्ये दोन उत्तरे आली. जर्मनीत कोसेलने सांगितले की सोडियम एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन तो घेतो आणि दोघांची बाहेरची कक्षा जवळच्या निष्क्रिय वायूसारखी होते. अमेरिकेत गिल्बर्ट लुईसने सांगितले की इलेक्ट्रॉनांची जोडी दोन अणूंमध्ये वाटूनही घेता येते; क्लोरीनचे कोडे त्यामुळे सुटले. आपल्या पाठ्यपुस्तकातले ठिपके लुईसचेच. पण पाठ्यपुस्तकाने त्याची एक गोष्ट गाळली. आयनिक आणि सहसंयुज हे त्याच्या मते दोन वेगळे खण नव्हते. वाटून घेतलेली जोडी एका अणूकडे जास्त-जास्त सरकत जाते आणि शेवटी पूर्ण त्याचीच होते, तेव्हा बंध आयनिक झाला असे म्हणायचे. परीक्षेच्या सोयीसाठी आपण या चढणीच्या दोन पायऱ्या केल्या.

आता मिठाचा हिशेब मांडू, कारण अष्टकाचे वाक्य इथेच उघडे पडते. एक मोल सोडियम अणूंमधून प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन काढायला 496 किलोज्यूल ऊर्जा खर्च होते. तेवढेच इलेक्ट्रॉन क्लोरीनच्या अणूंनी घेतले की 349 किलोज्यूल परत मिळतात. म्हणजे देवघेवीचा हा व्यवहार 147 किलोज्यूलच्या तोट्याचा आहे. सोडियम खुशीने इलेक्ट्रॉन देत नाही. तो त्याच्याकडून काढून घ्यावा लागतो. शिवाय घन सोडियमचे सुटे अणू करायला 108 आणि क्लोरीनचे अर्धा मोल रेणू तोडायला 121 किलोज्यूल लागतात. एकूण तोटा 376. तरीही सोडियम क्लोरीनमध्ये भडकून जळतो आणि एक मोल मीठ तयार होताना 411 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. हा फरक भरून कुठून निघाला?

उत्तर स्फटिकात आहे. 1913 मध्ये ब्रॅग पितापुत्रांच्या क्ष-किरण प्रयोगांतून मिठाच्या आतली मांडणी कळली. तिथे सोडियम-क्लोरीनची जोडपी नव्हतीच. प्रत्येक सोडियम आयनाला सहा क्लोराइड आयनांनी वेढलेले आणि प्रत्येक क्लोराइडला सहा सोडियमनी. अमक्या सोडियमचा क्लोरीन कोणता, हे विचारण्यात अर्थच उरला नाही. ‘मिठाचा रेणू’ कागदावरून नाहीसा झाला. हेन्री आर्मस्ट्राँग या ज्येष्ठ इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला हे इतके असह्य झाले, की ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना 1927 मध्ये त्याने ‘नेचर’ नियतकालिकाला पत्र लिहून मिठाच्या या बुद्धिबळाच्या पटासारख्या चित्रावर टीकेची झोड उठवली. आज त्याला हसणे सोपे आहे. पण आपल्या उत्तरपत्रिकांत अजूनही एका सोडियमच्या हातात एक क्लोरीन देऊन बाण काढलेला असतो. आर्मस्ट्राँगच्या मनातली जोडी तीच.

त्या स्फटिकात एका आयनावर काय-काय ओढ असते ते पाहा. सर्वांत जवळ सहा विरुद्ध प्रभारांचे शेजारी, ते ओढतात. त्यांच्यापलीकडे बारा समान प्रभारांचे, ते ढकलतात. पुढे आठ पुन्हा ओढणारे, आणि असे दूरपर्यंत. माडेलुंगने 1918 मध्ये ही बेरीज-वजाबाकी केली. तेवढ्याच अंतरावरच्या एकट्या जोडीच्या सुमारे 1.75 पट आकर्षण शिल्लक राहते. बॉर्न आणि हाबर यांनी 1919 मध्ये ऊर्जेचा सगळा जमाखर्च एका चक्रात मांडला. सुट्या आयनांचा स्फटिक बनताना 787 किलोज्यूल मिळतात. त्यातून 376 वजा केले की 411. मीठ टिकते ते कोणा अणूच्या इच्छेमुळे नव्हे, तर सगळ्या शेजाऱ्यांनी मिळून दिलेल्या त्या 787 मुळे.

हे एकदा कळले की गुणधर्म पाठ करावे लागत नाहीत. मीठ वितळवायचे तर दाही दिशांची ओढ सैल करावी लागते, म्हणून 801 अंश. घनरूपात आयन जागचे हलू शकत नाहीत, म्हणून वीज नाही. वितळले किंवा पाण्यात विरघळले की ते मोकळे होतात आणि वीज वाहते. हातोडीचा घाव बसून एक थर एका आयनाएवढा सरकला, की धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतो आणि स्फटिक तिथेच दुभंगतो. खडे मिठाचे फुटलेले तुकडे भिंगाखाली धरा; काटकोनातल्या सपाट बाजू दिसतील.

क्लोरीनबाबतची सर्वांत नेहमीची चूक म्हणजे ‘सहसंयुज बंध दुबळा असतो, म्हणून उत्कलनांक कमी’ हे वाक्य. क्लोरीनच्या दोन अणूंमधला बंध तोडायला मोलमागे सुमारे 243 किलोज्यूल लागतात. तो दुबळा नाही. पण द्रव क्लोरीन उकळताना तो तुटतच नाही. रेणू अख्खेच्या अख्खे एकमेकांपासून सुटतात, आणि त्यांच्यातली ओढ फार क्षीण असते. हिऱ्यात कार्बनचे सगळे अणू सहसंयुज बंधांनीच एकमेकांत अखंड गुंफलेले असतात, सुटा होईल असा रेणूच नसतो; म्हणून हिरा कठीण आणि उष्णतेला दाद न देणारा. तेव्हा तक्त्यात ‘सहसंयुज: द्रवणांक कमी’ एवढेच लिहिणे अपुरे आहे. रेणूंचे बनलेले की सलग जाळ्याचे, हे आधी लिहायला हवे.

धातूंचे चित्र ड्रूडने 1900 मध्ये रंगवले: धन आयनांची रचना आणि तिच्यातून मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन. कोणताही इलेक्ट्रॉन ठरावीक अणूचा नसल्यामुळे थर सरकला तरी समान प्रभार समोरासमोर अडत नाहीत. पत्रा ठोकता येतो, तार ओढता येते. वीज घनरूपातच वाहते. पण या चित्रात एक गणित चुकत होते. इलेक्ट्रॉन खरोखर वायूच्या कणांसारखे मोकळे असतील, तर धातू तापवताना त्यांनीही भरपूर उष्णता गिळायला हवी होती, आणि प्रयोगात ती फारच थोडी आढळे. साधारण 1927-28 च्या सुमारास सोमरफेल्डने नव्या पुंज यांत्रिकीने हे सोडवले: बहुतेक इलेक्ट्रॉनांच्या लगतच्या ऊर्जापातळ्या आधीच भरलेल्या असतात, त्यामुळे सर्वांत वरच्या थोड्यांनाच उष्णता घेता येते. सोडियममधली ही पकड मिठापेक्षा बरीच ढिली आहे: अणूमागे एकच इलेक्ट्रॉन सामाईक, आणि अणूही मोठा. म्हणून तो मऊ. टंगस्टनचे जास्त इलेक्ट्रॉन बंधात उतरतात आणि तो 3422 अंशांना वितळतो. ‘धातूंचे द्रवणांक जास्त’ हे सरसकट विधान करण्यापूर्वी पारा आठवावा.

पाउलिंगने 1932 मध्ये विद्युतऋणतेची मोजपट्टी दिली आणि लुईसची चढण आकड्यांत आली. त्यातूनच पुढे फरक 1.7 च्या वर असेल तर आयनिक हा परीक्षेचा लाडका नियम रूढ झाला. सोडियम आणि क्लोरीनमध्ये तो 2.2 आहे, म्हणून ठीक. पण हायड्रोजन फ्लोराइडमध्ये तो सुमारे 1.8 असूनही ते रेणूंचे बनलेले आहे, आणि सोडियम हायड्राइडमध्ये 1.3 असूनही ते आयनिक स्फटिक आहे. नियम वापरावा, पण पडताळा गुणधर्मांनी घ्यावा.

तो पडताळा कसा घेतात ते अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडवर पाहता येते. इथे फरक सुमारे 1.5. घनरूपात त्याचे थर असतात आणि प्रत्येक अ‍ॅल्युमिनियमभोवती मिठासारखेच सहा क्लोरीन. दाबाखाली ते साधारण 192 अंशांना वितळवले, की ती रचना मोडून Al2Cl6 असे सुटे रेणू तयार होतात आणि आकारमान जवळपास दुप्पट होते. घनरूपात वितळणबिंदूजवळ जी थोडीफार वीज वाहत होती, तीही वितळल्याबरोबर जवळजवळ थांबते. वितळल्यावर वीज वाहू लागते ते मीठ. इथे नेमके उलटे होते, आणि विद्यार्थ्याने हा पदार्थ तक्त्याच्या कोणत्या रकान्यात घालायचा, हे तो घन आहे की द्रव यावर अवलंबून राहते.