वडिलांच्या नावाची रिकामी जागा

वाचकहो, एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. अविवाहित मुलीला अपत्य झाले आहे. रुग्णालयातील कारकून जन्माचा अर्ज भरताना वडिलांचे नाव विचारतो. मुलीचे वडील बाजूलाच उभे असतात. घराची लाज राखावी म्हणून ते स्वतःचेच नाव सांगून टाकतात. क्षणभर सर्वांना सुटल्यासारखे वाटते. पण आता कागदावर आजोबा पिता झाले आहेत आणि आई आपल्याच मुलाची बहीण.

यात बिघडले काय, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटेल. सूरह अल्-अहजाबची पाचवी आयत येथे आठवावी. हजरत जैद बिन हारिसा यांना लोक ‘जैद बिन मुहम्मद’ म्हणत असत. प्रेषितांच्या (स.) प्रेमळ छत्राखाली वाढलेल्या त्या तरुणाला हे नाव किती प्रिय असेल! तरीही मुलांना त्यांच्या खऱ्या पित्याच्या नावाने हाक मारा, असा आदेश आला. पुढची गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही. पिता कोण हे ठाऊक नसेल तर ती मुले तुमचे धर्मबंधू आणि स्नेही आहेत, असे हीच आयत सांगते. जागा रिकामी राहू शकते, हे तिने गृहीत धरले आहे. ती जागा खोट्याने भरण्याची मुभा मात्र दिलेली नाही.

रिकामी जागा राहिली तर मूल कोणाचे? लिआनच्या प्रसंगी, म्हणजे पतीने शपथेवर पितृत्व नाकारले तेव्हा, प्रेषितांनी (स.) ते मूल आईकडे जोडून दिले आणि तो मुलगा आईच्या नावाने ओळखला जाऊ लागला, असे सहीह बुखारीत नमूद आहे. विवाहबाह्य अपत्याचा नसबही फकीहांनी आईशीच जोडला असून त्याला आईचा व तिच्या नातलगांचा वारसा मिळतो.

देशाचा कायदाही आता येथवर आला आहे. दिल्लीतील एका ख्रिस्ती अविवाहित मातेला बचत व विम्याच्या कागदांवर मुलाचे नाव लावायचे होते. पित्याचे नाव सांगा किंवा न्यायालयातून पालकत्वाचा दाखला आणा, असे तिला सांगण्यात आले. नाव उघड करण्यास तिने नकार दिल्यावर खालच्या न्यायालयाने आणि उच्च न्यायालयानेही तिला परत पाठविले. 6 जुलै 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. एकल अथवा अविवाहित माता आपल्या पोटच्या अपत्याचा जन्मदाखला मागत असेल, तर तिच्याकडून केवळ प्रतिज्ञापत्र घ्यावे आणि न्यायालयाचा विपरीत आदेश नसल्यास दाखला द्यावा, असे निर्देश त्यात आहेत. नोंदणी कार्यालयात अडवणूक झाली तर याच निकालाचा हवाला द्यावा.

आजोबांचे नाव लिहून गेले असेल तर? 1969च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 15 नुसार चुकीची नोंद दुरुस्त होते, परंतु मूळ नोंद खोडली जात नाही. दुरुस्ती समासात लिहिली जाते. म्हणजे ते खोटे पुस्तकात वाचता येईल असेच राहते. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी रकाना कोरा ठेवलेला बरा.

आडनावाचे मात्र एवढे अवघड नाही. शेख, मुलाणी, तांबोळी ही घराण्याची अथवा व्यवसायाची ओळख आहे. ती पितृत्वाचा दावा करीत नाही. आईचे आडनाव मुलाला खुशाल लावावे. आजोबांना आडनाव देता येते, पित्याचा रकाना नव्हे.

आता एक सावधगिरी. निकाह झाला होता, नंतर तलाक झाला किंवा पती सोडून गेला, अशी आईही एकटीच असते. तिचा राग कितीही रास्त असो, तिने पित्याचे नाव गाळणे ही वेगळी गोष्ट आहे. तेथे नसब सिद्ध आहे. पोटगी आणि वारसा हे मुलाचे हक्क त्या नावावर उभे आहेत, आणि ते सोडून देण्याचा अधिकार आईला नाही.

अविवाहित मातेने कागदावर नाव लिहिले नाही तरी तिला ते ठाऊक असते. उद्या मुलाचे लग्न ठरेल आणि समोरची मुलगी त्याच पित्याची निघाली तर? हनफी फिक्हनुसार हे नाते हराम आहे. कोकणातील आपल्या शाफई बांधवांच्या फिक्हमध्ये ते हराम नसले तरी मकरूह आहे. दिल्लीच्या त्या खटल्यात न्यायाधीशांनी मातेशी स्वतः बोलून, मुलाला आपला पिता कोण हे कळण्याची गरज तिला समजावली. तिने नाव व तपशील सांगितला. तो पाकिटात घालून मोहोरबंद करण्यात आला आणि न्यायालयाच्या खास आदेशाखेरीज ते पाकीट उघडायचे नाही असे ठरले. असा एक कागद, भरवशाच्या माणसाकडे, घरोघरी ठेवता येण्यासारखा आहे.