28 जून 1887 च्या आधी

समोर एकच नोंद ठेवा. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयातला ट्रेडमार्क, क्रमांक 22406. नाव कोका-कोला, मालक कोका-कोला कंपनी, नोंदणीचा दिवस 31 जानेवारी 1893. हे पेय बाजारात कधी आलं, असा प्रश्न घेऊन आपण बसलो आहोत. उत्तराची घाई नको. हा कागद कुणी लिहिला आणि कशासाठी लिहिला, एवढंच आधी मनात येऊ द्या.

नोंदणीची तारीख अलगद बाजूला ठेवा. त्या दिवशी कार्यालयाने अर्ज मान्य केला, इतकंच ती सांगते. अर्ज त्याआधी, 1892 मध्ये झाला होता. आता मालकाच्या नावाकडे पाहा. ही कंपनी स्थापन झाली तीच मुळी 1892 मध्ये, एसा कँडलर यांच्या हातून. पेय त्याहून जुनं आहे. ते तयार केलं अटलांटाचे औषधविक्रेते जॉन पेंबर्टन यांनी. म्हणजे ‘कंपनीने ते कधी आणलं’ हा आपला प्रश्नच थोडा सैल होता. दुरुस्त करून घ्या : हे पेय या नावाने पहिल्यांदा कधी विकलं गेलं?

त्याच नोंदीत आणखी एक तारीख आहे, पहिल्या वापराची : 28 जून 1887. इथे पुष्कळ वेळ थांबा, कारण बहुतेक जण इथेच शोध संपवतात. ही तारीख कार्यालयाने शोधून काढलेली नसते, अर्जदार ती सांगतो. हक्काला आव्हान मिळालं तर ती टिकली पाहिजे, म्हणून तो हाताशी पुरावा असेल तेवढंच मागे जातो. आणि 28 जून 1887 लाच पेंबर्टन यांच्या नावे कोका-कोलाच्या सरबताचं लेबल पेटंट कार्यालयात नोंदलं गेलं होतं. दोन तारखा इतक्या तंतोतंत जुळाव्यात हा योगायोग मला वाटत नाही. माझ्या मते नव्या मालकांनी हाती असलेल्या पक्क्या कागदाची तारीख घेतली. तेव्हा ही तारीख ‘या दिवसानंतर नक्कीच नाही’ एवढंच म्हणते. आधी किती, यावर ती गप्प आहे.

आता वर्तमानपत्रांकडे वळा, आणि 1887 पासून मागे चाला. जुन्या अंकांच्या छायाप्रती यंत्राने वाचलेल्या असतात. पुसट शाई, ओळीच्या टोकाला तुटलेलं नाव, मधली छोटी रेघ, यांत पूर्ण नाव सहज हरवतं. म्हणून नुसतं Coca शोधा, Pemberton शोधा. पेंबर्टन यांचं आधीचं पेय, फ्रेंच वाइन कोका, हमखास समोर येईल. कोका दिसलं म्हणून हरखून जाऊ नका. जाहिरात डोळ्यांनी पूर्ण वाचा. ते पेय दारूचं होतं. नोव्हेंबर 1885 मध्ये अटलांटाने मतदानाने दारूबंदी स्वीकारली, ती 1 जुलै 1886 पासून लागू होणार होती. बिनदारूच्या पेयाची निकड याच काळातली, म्हणून बारीक नजर इथेच फिरवा.

आणि ते सापडतं. द अटलांटा जर्नल, 29 मे 1886. कोका-कोलाची छोटीशी जाहिरात. लेबलापेक्षा तेरा महिने आधीची. तिच्यात पेयाला सोडा फाउंटनवरचं नवं आणि लोकप्रिय पेय म्हटलं आहे. या दोन विशेषणांपाशी रेंगाळा. ‘नवं’ म्हणजे फार दिवस झालेले नाहीत. ‘लोकप्रिय’ हा जाहिरातीचा सूर आहे, त्यावर वजन टाकू नका. तरी ज्या दुकानांत ते मिळतं तिथे ग्लास भरले जात असल्याशिवाय ही भाषा शोभत नाही. विक्री बहुधा छापण्याच्या आधी सुरू झाली होती.

किती आधी? कंपनी 8 मे 1886 सांगते : जेकब्ज फार्मसी, पाच सेंटला ग्लास. ही तारीख जाहिरातीच्या तीन आठवडे आधी, अगदी चपखल बसते. चपखल बसणं म्हणजे सिद्ध होणं मात्र नव्हे. हा दिवस कंपनीने जपलेल्या इतिहासातून येतो, आणि असा इतिहास पुढे शेकडो लेखांत उतरतो. शंभर लेखांत तोच दिवस दिसला तरी साक्षीदार एकच असू शकतो. प्रत्येक लेखाखाली विचारा : याने कुठून घेतलं? उत्तर पुन्हा कंपनीपाशीच गेलं, तर मोजणी एकवरच राहते.

29 मेच्या आधीचे अंक एकेक करून चाळा. तिथे नाव दिसलं नाही, तरी त्यावरून विक्री नव्हती असं ठरत नाही. काउंटरवर ग्लास विकायला जाहिरात लागतेच असं नाही. काही अंक उरलेले नसतात, काही पानं फाटलेली असतात. कोणते अंक पाहिले आणि कोणते मिळालेच नाहीत, हे शेजारी लिहून ठेवा.

मग वही घ्या आणि प्रत्येक तारखेपुढे तिचा बोलविता लिहा. 1893, कार्यालय. 28 जून 1887, अर्जदार. 29 मे 1886, त्या दिवशीचं वर्तमानपत्र. 8 मे 1886, कंपनीचा इतिहास. त्याखाली उत्तर लिहा : अटलांटा, 29 मे 1886 पर्यंत विक्री सुरू झालेली, कंपनीच्या सांगण्यानुसार 8 मेपासून.